परिचयातलं हसू कुठे ठेवायचं?

*ताई, मी वडगावात राहते. २०१७ पासून घरातूनच जीएसटी आणि इन्कम टॅक्सची कामं करते. गिऱ्हाइकं बहुतेक यंत्रमागवाली आणि किराणा दुकानदार. मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही बोलते. इन्स्टाग्रामवर माझ्या बायोत असं लिहिलंय: "जीएसटी, अकाउंट्स, इन्कम टॅक्स. आकड्यांशी माझं जमतं, माणसांशी जमवून घेते. २० तारखेला फोन करू नका, जीव वाचवा. घरचं बजेट मात्र कायम तुटीत." लोकांना ते फार आवडतं. आता एका सौहार्द सोसायटीनं कर्मचाऱ्यांसमोर तासभर बोलायला बोलावलंय. व्यासपीठावर चेअरमन आणि सहकार खात्याचे एक अधिकारी असणार. परिचय मागितला, मी हाच पाठवला. मॅनेजरांचा फोन आला, "मॅडम, हे असंच वाचायचं काय?" नवरा म्हणतो, सगळं काढून टाक. मैत्रीण म्हणते, उलट "जीएसटीतून वाट काढून देणारी" हेही घाल. कार्यक्रम पुढच्या शनिवारी आहे. काय करू?*
*— एक वाचक, वडगाव, बेळगाव*

सोसायटीला पाठवलेल्या परिचयातून विनोदाची तिन्ही वाक्यं काढा. इन्स्टाग्रामवर त्यातलं एक ठेवा, पण थोडं फिरवून. मैत्रिणीनं सुचवलेलं वाक्य मात्र कुठेच नको.

मॅनेजरांनी तुम्हाला विचारलं ही फार चांगली गोष्ट झाली. आपल्याकडे सहसा असं कुणी विचारत नाही. कागद आला की तसाच सूत्रसंचालकाच्या हातात जातो, आणि सूत्रसंचालक तो पहिल्यांदा वाचतो तो थेट माईकसमोर. परिचय मागणारा माणूस "हे असंच ठेवायचं काय" असं विचारतो, तेव्हा त्या वाक्यावर सभागृहात काय होईल ते त्याला आधीच दिसलेलं असतं. तो भिडस्तपणानं प्रश्न करतो, एवढंच. अशा वेळी वाक्याची बाजू मांडत बसू नये, ते काढावं.

आता ते का चालणार नाही ते सांगते, कारण हे कळलं की पुढचा प्रत्येक परिचय तुम्ही स्वतःच नीट लिहाल.

इन्स्टाग्रामवर ते वाक्य तुमच्या तोंडचं आहे. वर तुमचा फोटो, शेजारी तुमचं नाव, खाली तुमच्या पोस्टी. वाचणारा एकटा असतो, फोन त्याच्या हातात असतो, आणि तुम्ही स्वतःवर हसताय हे त्याला लगेच कळतं. सभागृहात तेच वाक्य दुसऱ्या माणसाच्या तोंडी जातं. सूत्रसंचालक "मी" म्हणू शकत नाही. तो आदरानं "त्या" म्हणणार. मग ते असं होतं: "आजच्या मार्गदर्शिका मॅडम यांचं आकड्यांशी जमतं, माणसांशी मात्र त्या जमवून घेतात." हे जरा मोठ्यानं वाचून बघा. तुम्ही स्वतःची केलेली चेष्टा आता यजमानानं पाहुणीची केलेली चेष्टा झाली. त्यात "त्या" आणि "घेतात" हे आदराचे शब्द असल्यामुळे ती आणखीच विचित्र ऐकू येते, तक्रारीसारखी.

आणि समोरच्यांनी करायचं काय? आपल्या भागात पाहुण्यांचा परिचय हा मानाचा भाग असतो. दीपप्रज्वलन झालं, स्वागत झालं, शाल-श्रीफळ टेबलावर ठेवलेलं आहे, आणि त्याच्या आधी परिचय वाचला जातो. त्या दोन मिनिटांत पाहुणीला हसावं की नाही, याची कुणालाच खात्री नसते. कर्मचारी चेअरमनांकडे बघतात, चेअरमन समोर बघतात, आणि सभागृह गप्प राहतं. लोकांना विनोद कळत नाही म्हणून असं होत नाही. त्याच लोकांना तुम्ही पाच मिनिटांनी खळखळून हसवू शकता. त्या क्षणाला हसण्याची परवानगी त्यांना कुणी दिलेली नसते, एवढीच अडचण.

मी सीमाभागातल्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन करते, त्यामुळे हे अनेकदा समोरून बघितलंय. कडोली, उचगाव, येळ्ळूर इथल्या साहित्य संमेलनांतलं कथाकथनाचं सत्र आठवा. मांडव डोक्यावर घेतील असे विनोदी कथाकथनकार तिथे येतात. पण त्यांचा परिचय कसा असतो? गाव, शिक्षण, पुस्तकं, पुरस्कार. सरळ. गंमत ते स्वतः माईक हातात आल्यावर करतात. माझ्या मते ही वाटणी अगदी बरोबर आहे, आणि तुमच्या शनिवारच्या कार्यक्रमालाही तीच लागू पडते.

अधिकारी कन्नड बोलणारे असतील, तर आणखी एक गोष्ट होईल. परिचय मराठीत वाचला जात असताना ते शेजारच्याकडे किंचित झुकतात आणि शेजारचा कानात दोन शब्दांत सार सांगतो. तुमच्या जमतं-जमवून घेतेच्या कोटीतलं त्या कुजबुजीत काय उरेल? "मॅडमना माणसं फारशी आवडत नाहीत." बस. हे पोचलं की ते हसत नाहीत, नुसती मान डोलावतात, आणि तुमच्याबद्दलची पहिली माहिती म्हणून तेच त्यांच्या डोक्यात राहतं.

हा झाला कोणाच्या तोंडी आणि कुठे याचा भाग. दुसरा भाग विनोद कशावर केलाय याचा, आणि तिथे तुमची तिन्ही वाक्यं वेगवेगळी आहेत. एकेक घेऊ.

"माणसांशी जमवून घेते" हे वाक्य तुमच्या ओळखीच्या गिऱ्हाइकांना आवडतं, कारण तुम्ही माणसांशी किती छान वागता हे त्यांनी अनुभवलंय. वाक्य आणि अनुभव यांचा मेळ बसत नाही, त्यातूनच त्यांना हसू येतं. सोसायटीतल्या कर्मचाऱ्यांकडे तो अनुभव नाही. त्यांच्यापुढे वाक्य एकटंच येतं, म्हणून ते खरं धरलं जातं. त्यात तुम्हाला बोलावलंय ते दिवसभर काउंटरवर माणसांशीच वागणाऱ्या लोकांपुढे. ओळखीच्यांना हसवणारी बहुतेक वाक्यं अनोळखी लोकांपुढे पडतात ती याच कारणानं.

"घरचं बजेट तुटीत" यात तसा काहीच वाईट हेतू नाही, स्वयंपाकघरात बसून कुणीही म्हणेल. पण तुम्ही पैशाचे हिशेब सांभाळणाऱ्या बाई आहात आणि समोर पैशाचीच संस्था आहे. ज्या गोष्टीसाठी लोक आपल्यावर विश्वास टाकणार, त्याच गोष्टीत आपण कच्चे आहोत असं हसतसुद्धा लिहू नये. डॉक्टरनं स्वतःच्या विसरभोळेपणावर, वाहनचालकानं झोपेवर, बालवाडीच्या बाईंनी मुलांच्या कंटाळ्यावर परिचयात विनोद करू नये, तसंच हे. चेष्टा करायची असेल तर कामाच्या बाहेरच्या गोष्टीची करावी. बेळगावच्या पावसात तुमची छत्री कायम दुसऱ्याच्या दुकानात राहते, हे लिहिलंत तर तुमच्या हिशेबावर कुणी शंका घेणार नाही.

तिसरं वाक्य, २० तारखेचं, मला खरोखर आवडलं. त्यात तुमच्या धंद्याचं खरं मर्म आहे. दर महिन्याचा जीएसटी भरणाऱ्यांना जीएसटीआर-३बी हे विवरणपत्र पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत द्यावं लागतं. उशीर झाला तर रोजचे ५० रुपये विलंब शुल्क, शिवाय थकलेल्या करावर व्याज. म्हणून १९ तारखेला रात्री पिशवीतून बिलं घेऊन येणारा दुकानदार हे वाक्य वाचतो आणि स्वतःलाच हसतो. चांगल्या विनोदाला अशी खरी, बारीक, ओळखीची गोष्ट लागते. कुणालाही चिकटवता येतील अशी "चहावर जगते" किंवा "झोपेची शत्रू" छापाची वाक्यं हजारो बायोंत आहेत, त्यांनी तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. तुमची २० तारीख फक्त तुमच्याच धंद्यातली आहे.

पण त्यात दोन काटे आहेत. "फोन करू नका" हा गिऱ्हाइकाला दिलेला हुकूम झाला. ज्याला २० तारखेचं माहीत नाही असा नवा माणूस एवढंच वाचतो की या बाई ऐन वेळी फोन घेत नाहीत. आणि "जीव वाचवा" म्हणजे तुम्ही खेकसता. दोन्ही काटे गिऱ्हाइकाच्या दिशेनं आहेत. त्यांचं तोंड तुमच्या कामाकडे वळवा:

"२० तारखेला घरच्यांनाही फोन व्यस्तच लागतो."

तारीख तीच, गंमतही तीच, पण आता वाचणाऱ्याला कळतं की त्या दिवशी तुम्ही गिऱ्हाइकांसाठी फोनवर असता. आणि ज्याला यात काहीच गमतीचं वाटलं नाही, त्यालाही एक खरी माहिती मिळते: २० तारीख या बाईंच्या गर्दीची असते. परिचयातल्या प्रत्येक हलक्या वाक्याला मी हीच एक कसोटी लावते. समोरच्याला हसू आलंच नाही, तर ते वाक्य साधं विधान म्हणून उभं राहतं काय? राहत असेल तर ठेवावं. "माणसांशी जमवून घेते" हसू आलं नाही की दोषाची कबुली होतं, "बजेट तुटीत" हसू आलं नाही की काळजीचं कारण होतं. म्हणून ती दोन गेली.

आता मैत्रिणीच्या वाक्याविषयी. "जीएसटीतून वाट काढून देणारी" हे तिनं प्रेमानं सुचवलं असेल, पण कराच्या क्षेत्रात वाट काढून देणं म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक आहे. सरकारी अधिकाऱ्यासमोर ते वाचलं गेलं तर तुमच्या सगळ्या गिऱ्हाइकांकडेही संशयानं बघितलं जाईल. "चोरवाट नव्हे हं" अशी पुस्ती जोडलीत तर आणखी वाईट, कारण मग तो शब्द तुम्हीच आणला. इन्स्टाग्रामवरही ते नको. तिथलं वाक्य स्क्रीनशॉट होऊन कुठेही जातं, आणि उद्या एखाद्या गिऱ्हाइकाला नोटीस आली तर तेच कुणीतरी पुढे करील. पदवीशी खेळणारे विनोदही याच जातीचे. "सीए नाही पण सीएपेक्षा कमी नाही" असं हिशेबाची कामं करणारे काही जण हौसेनं लिहितात. सीए नसताना तसा भास निर्माण करणं कायद्यातच बसत नाही, आणि तिथे विनोदाची सबब चालत नाही. तुमच्या मैत्रिणींत कुणी वकील किंवा सीए असतील तर त्यांनी आणखी जपावं. त्यांच्यावर स्वतःची जाहिरात करण्याबाबत नियमांचीच बंधनं आहेत, तेव्हा गिऱ्हाइकाला बोलावणारं चटकदार वाक्य त्यांनी लिहूच नये.

भाषेवरचा विनोद तुमच्या मजकुरात नाही, पण आपल्याकडे तो सहज सुचतो म्हणून सांगते. "अर्धी मराठी, अर्धी कन्नड, हिशेब मात्र पूर्ण" असं काही घरात, गल्लीत फार गोड वाटतं. आपण सगळे असंच बोलतो. पण ज्या शहरात १ नोव्हेंबर कुणासाठी राज्योत्सव आणि कुणासाठी काळा दिवस असतो, तिथे जाहीर मंचावर भाषेची चेष्टा निरागस राहत नाही. ऐकणारा प्रत्येक जण मनात ठरवतो की ती आपल्यावर होती की त्यांच्यावर. त्याऐवजी साधं लिहा: "मराठी, कन्नड आणि हिंदी या तिन्ही भाषांत काम." या वाक्यात गंमत नसली तरी तुमच्या दारात गिऱ्हाईक आणायचं काम तेच करील. खानापूरकडचा दुकानदार असो की बैलहोंगलकडचा, त्याला हेच वाचायचं असतं. तुमच्या बायोत ते अजून नाहीच, याचंच मला आश्चर्य वाटलं.

तर इन्स्टाग्रामसाठी असं करा:

जीएसटी आणि इन्कम टॅक्सची कामं | वडगाव, बेळगाव
यंत्रमाग, किराणा, छोटे उद्योग
मराठी, कन्नड, हिंदी
२० तारखेला घरच्यांनाही फोन व्यस्तच लागतो

इन्स्टाग्रामच्या बायोला १५० अक्षरांची मर्यादा आहे. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली तरी हे त्यात बसतं, मी मोजून पाहिलंय. हलकं वाक्य सगळ्यात खाली ठेवलंय ते मुद्दाम. वरच्या तीन ओळींत तुम्ही कोण, कुठे, कुणासाठी आणि कोणत्या भाषेत, हे सगळं येतं. चौथी ओळ पुसली तरी बायो अपुरा वाटत नाही. तुमच्या आधीच्या बायोत पहिल्या वाक्यानंतर सगळी गंमतच होती. ती काढली की उरत होती तीन कामांची नावं, आणि तुमचं गाव कोणतं हेही कळत नव्हतं. मॅनेजरांची खरी अडचण तीही असणार. त्यांनी गमतीची वाक्यं गाळायची ठरवली असती तर वाचायला काहीच राहिलं नसतं.

लिंक्डइनवर असाल तर नावाखालची ओळ पूर्ण सरळ ठेवा, कारण तुमचं नाव दिसेल तिथे ती दिसते. खालच्या मोठ्या मजकुरात शेवटी २० तारखेचं वाक्य चालेल. तो मजकूर उघडायच्या आधी त्याच्या पहिल्या काही ओळीच दिसतात. शेवटपर्यंत जातो तो माणूस तुमच्याबद्दल आणखी जाणून घ्यायलाच आलेला असतो, आणि त्याला ते आवडतं. शिवाय आयोजक परिचय उचलतात तो बहुधा वरचाच भाग उचलतात.

सोसायटीसाठी हा मजकूर पाठवा. नाव आणि विषय तेवढे भरा:

"श्रीमती अमुक या वडगाव, बेळगाव येथे जीएसटी आणि प्राप्तिकर सल्ल्याचं काम करतात. २०१७ साली जीएसटी लागू झाला, तेव्हापासून त्या यंत्रमागधारक, किराणा व्यापारी आणि छोट्या उद्योजकांची विवरणपत्रं भरत आहेत. मराठी, कन्नड आणि हिंदी या तिन्ही भाषांत त्या व्यापाऱ्यांना मार्गदर्शन करतात. आज त्या आपल्याशी अमुक या विषयावर बोलणार आहेत."

चार वाक्यं, अर्ध्या मिनिटात वाचून होतात. सगळी पहिल्यापासून "त्या" धरून लिहिलेली आहेत, म्हणजे सूत्रसंचालकाला उभ्या उभ्या "मी"चं "त्या" करावं लागत नाही. तिथेच गडबड होते. घाईत एखादं "माझं" तसंच राहतं आणि मग सूत्रसंचालकच जीएसटीची कामं करतो असं ऐकू येतं.

समजा मॅनेजरांनी म्हटलं, मॅडम, एखादं हलकंफुलकं वाक्य असू द्या, आमची मंडळी दिवसभर कामानं दमलेली असतात. तर चौथ्या वाक्याच्या आधी हे घाला: "महिन्याची २० तारीख जवळ आली की वडगावातल्या व्यापाऱ्यांना आधी त्यांचीच आठवण येते." हे सूत्रसंचालकाच्या तोंडी शोभतं, कारण यात पाहुणीची चेष्टा नाही. हसू येईल ते व्यापाऱ्यांच्या घाईवर, आणि तेही मायेनं. कुणी हसलं नाही तर ते कौतुकाचं वाक्य म्हणून पुढे सरकतं. कन्नडमध्ये कानात सांगितलं तरी त्याचं काही बिघडत नाही. पण मॅनेजरांनी आपणहून मागितलं तरच. तुम्ही पुढे करू नका.

नवऱ्याचं म्हणणं या एका कार्यक्रमापुरतं बरोबर आहे. पण तुमच्यातली गंमत तुम्ही घरी ठेवून जावी असं मला मुळीच वाटत नाही. ती तुमच्या बोलण्यात आणा. माईक हातात आला की आधी चेअरमन आणि अधिकारी यांना नमस्कार, मग विषय एका वाक्यात सांगा, मग म्हणा: "तुमचा मार्चएंड वर्षातून एकदा येतो, आमचा दर महिन्याच्या २० तारखेला येतो." सोसायटीच्या कर्मचाऱ्यांना मार्चएंड म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. रात्री उशिरापर्यंत खतावण्या जुळवत बसलेली माणसं ती. यात तुम्ही त्यांच्या कष्टाला आणि तुमच्या कष्टाला एका ओळीत बसवता, कुणालाही खाली ओढत नाही, आणि हे तुमच्या स्वतःच्या आवाजात, चेहऱ्यावरच्या हसण्यासकट पोचतं. लोक हसले तर क्षणभर थांबा, नाही हसले तर न थांबता विषय सुरू करा. बोलताना अशी दुरुस्ती करायची सोय असते. छापलेल्या किंवा दुसऱ्यानं वाचलेल्या परिचयात ती नसते.

यापुढे कुणीही परिचय मागितला की लिहायच्या आधी त्यांना एक गोष्ट विचारत जा: हा परिचय वाचला जाणार, छापला जाणार की फाईलला लागणार? वाचला जाणार असेल तर वर सांगितलं तसं. स्मरणिकेत किंवा फ्लेक्सवर छापला जाणार असेल तर हलकं वाक्य बहुधा नकोच, कारण स्मरणिका लोकांच्या घरात वर्षानुवर्षं राहते आणि त्या दिवशीचं वातावरण तिच्याबरोबर राहत नाही. आणि परिचय फाईलला लागणार असेल, म्हणजे एखाद्या संस्थेच्या कामासाठी अर्ज, निविदा, कर्जाचं प्रकरण, कॉलेजात व्याख्याती म्हणून नेमणूक, तर एकही हलकं वाक्य नको, अगदी २० तारखेचंसुद्धा. तो कागद तुम्हाला ओळखणाऱ्या माणसाच्या टेबलावरून न ओळखणाऱ्याच्या टेबलावर जातो, तिथून आणखी पुढे जातो. मधला प्रत्येक जण त्यावर सही करणारा असतो, आणि "हिला कामाचं गांभीर्य नाही" असं एकानं म्हटलं तरी तुमची बाजू सांगायला तुम्ही तिथे नसता.

याउलट वडगावातल्या विणकरांचा मेळावा असेल, समोर तुमचीच गिऱ्हाइकं बसलेली असतील, तर सरळ परिचयातही २० तारीख येऊ द्या. तिथे ती पहिल्या रांगेपासून मागच्या रांगेपर्यंत कळेल. औपचारिकपणा खुर्च्यांच्या मांडणीवरून ठरत नाही. समोरच्यांपैकी किती जण तुम्हाला आधीपासून ओळखतात, आणि तुमच्याबद्दल त्यांना काही निर्णय घ्यायचा आहे का, यावर तो ठरतो.

पाठवण्याआधी परिचय एका माणसाकडून मोठ्यानं वाचून घ्या. नवरा आणि मैत्रीण नकोत, त्यांना तुम्ही ठाऊक आहात. शेजारचे एखादे वयस्कर काका, शक्यतो घरात कन्नड बोलणारे, यांना कागद द्या आणि तुम्ही नुसतं ऐका. ते कुठे अडखळतात, कुठे वर बघून "हे काय?" असं विचारतात, तिथे खूण करा. अडखळलेलं वाक्य सभागृहातही तिथेच अडखळणार. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागलं तर ते वाक्य बदला.

आता आजच करायची कामं. मॅनेजरांना फोन करून आधी हे विचारा की जुना मजकूर फ्लेक्सवाल्याकडे किंवा पत्रिका छापायला गेलाय काय. गेला असेल तर तो आधी थांबवायला सांगा, बाकीचं नंतर. मग नवा मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवा, वर "सुधारित परिचय, कृपया हाच वाचावा" असं लिहा, आणि जुना संदेश अजून पुसता येत असेल तर पुसा. दोन्ही एकाच चॅटमध्ये राहिले की शनिवारी सकाळी घाईत कोणता उघडला जाईल याचा नेम नसतो. सूत्रसंचालन कोण करणार तेही विचारून घ्या आणि त्यांनाही वेगळा पाठवा. एक छापील प्रत पर्समध्ये ठेवा, मोठ्या अक्षरातली, आणि कार्यक्रमाआधी चहा चालू असताना त्यांच्या हातात द्या.

एवढं करूनही जुनाच वाचला गेला, तर बसल्या जागी चेहरा शांत ठेवा. उठल्यावर त्याचा खुलासा करू नका आणि माफीही मागू नका. खुलासा केलात की ज्यांनी नीट ऐकलं नव्हतं तेही शेजाऱ्याला विचारायला लागतात. नमस्कार करून थेट विषयाला हात घाला, आणि मार्चएंडचं वाक्य त्या दिवशी जरा उशिरा, पहिलं उदाहरण सांगून झाल्यावर घ्या.